चिंगीचं क्रिएटिनिन वाढलं तेव्हा: सलाईनआधीची लघवी, जुना रिपोर्ट आणि वजनकाटा

आमची चिंगी आता चौदाव्यात आहे. गेल्या वर्षभरात तिच्या किडनीच्या तपासण्या पाच वेळा झाल्या आणि प्रत्येक वेळी मी रिपोर्ट हातात घेऊन आधी चुकीचाच अर्थ काढला, मग डॉक्टरांनी समजावलं की उमगायचं. ज्यांच्या घरी म्हातारं मांजर आहे आणि "क्रिएटिनिन वाढलंय" हे वाक्य नुकतंच ऐकलंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, आकड्यांसकट, कारण तेव्हा मी असंच काहीतरी शोधत होते आणि मिळत होते ते फक्त तक्ते.

सुरुवात उलट्यांनी झाली. दोन दिवस चिंगी खात नव्हती, फेस काढत होती, कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेली. त्याआधीचे काही महिने मला एक जाणवत होतं पण मी ते मनावर घेतलं नव्हतं, ते म्हणजे लिटर ट्रेमधले लघवीचे गोळे मोठे झाले होते, आधी लिंबाएवढे असायचे ते आता मुठीएवढे, आणि पाण्याचं भांडं संध्याकाळपर्यंत तळाला जायचं. मला वाटलं चांगलंय की, पाणी पितेय. आता कळतं की खूप पाणी पिणारं म्हातारं मांजर बहुतेक वेळा पाणी जातंय म्हणून पित असतं. वजनही ४.५ किलोवरून ४.० वर आलं होतं, वयामुळे असेल म्हणून सोडून दिलेलं.

तर त्या दिवशी जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं, खूप कोरडी पडलीय म्हणाले आणि लगेच रक्त घेऊन सलाईन सुरू केली. क्लिनिकमधल्याच मशिनवर अर्ध्या तासात रिपोर्ट आला, क्रिएटिनिन ३.१, बीयूएन ७१. सलाईन दुसऱ्या दिवशीही चालू होती आणि त्या दुपारी तिने ट्रेमध्ये लघवी केली ती त्यांनी तपासली, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी म्हणजे लघवी किती घट्ट आहे त्याचा आकडा, तो १.०१२. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज ३. सोबत किडनीचं खास खाणं आणि "आता हे असंच राहणार" हे वाक्य.

मी घरी येऊन जुनी फाईल काढली. सव्वा वर्षापूर्वी दात काढायच्या आधी तिच्या तपासण्या केल्या होत्या, दुसऱ्या लॅबमध्ये. त्यात क्रिएटिनिन १.२, युरिया ४५ आणि लघवीची ग्रॅव्हिटी १.०४१. मी मनात हिशोब केला की युरिया ४५ चा ७१ झाला, म्हणजे दीडपट, आणि क्रिएटिनिन अडीचपट. हा हिशोब पूर्ण चुकीचा होता आणि पुढचे चार दिवस मी त्यावरच डोकं शिणवत बसले.

दुसरं मत घ्यायचं ठरवलं. या दुसऱ्या डॉक्टर मांजरांचंच काम जास्त बघतात. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पहिलं बोट ठेवलं ते नावावर. म्हणाल्या, "इथे युरिया लिहिलंय आणि इथे बीयूएन, हे दोन आकडे थेट तुलना करायचे नाहीत." बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं मोजमाप, आणि युनिट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतं. म्हणजे जुना ४५ युरिया हा प्रत्यक्षात २१ बीयूएन होता. २१ चा ७१, साडेतीनपटीच्या आसपास. हे कळल्यावर पोटात गोळा आला पण त्या लगेच म्हणाल्या की घाबरू नका, हीच गोष्ट तुमच्या बाजूने पण बोलतेय.

ते कसं, ते मला समजायला वेळ लागला म्हणून जरा थांबून सांगते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, रोज साधारण ठराविक प्रमाणात, आणि किडनीने गाळलं की सरळ लघवीत जातं. युरियाचं तसं नाही. तो प्रोटीनच्या पचनातून लिव्हरमध्ये बनतो, गाळलाही जातो पण त्याचा काही भाग किडनीच्या नळ्यांमधून परत रक्तात घेतला जातो, आणि शरीर कोरडं असलं, नळ्यांमधून पाणी हळू सरकत असलं की जास्तच परत घेतला जातो. म्हणून मांजर डिहायड्रेट झालं की दोन्ही आकडे वाढतात पण युरिया क्रिएटिनिनच्या पुढे पळतो. चिंगीचं क्रिएटिनिन अडीचपट आणि युरिया साडेतीनपट, म्हणजे या वाढीतला काही हिस्सा नक्की पाणी कमी पडल्याचा होता, किडनीच्या कायमच्या नुकसानीचा नव्हे. किती हिस्सा कशाचा, हे मात्र त्या दिवशीच्या रक्तावरून कोणीच सांगू शकत नव्हतं.

ते सांगू शकली असती ती लघवी. आणि इथे डॉक्टरांनी मान हलवली. कारण लघवी घेतली होती सलाईन सुरू झाल्यावर, चोवीस तासांनी. कोरड्या पडलेल्या मांजराची किडनी धड असेल तर ती पाणी वाचवायला लघवी घट्ट करते, १.०३५ च्या वर, तरुण मांजरं तर १.०६० पर्यंत सहज नेतात. रक्तात आकडे वाढलेत पण लघवी घट्ट आहे, तर दोष किडनीकडे येणाऱ्या पाण्याचा, रक्ताचा. रक्तात आकडे वाढलेत, मांजर कोरडं आहे आणि तरीही लघवी पातळ, तर किडनीला घट्ट करताच येत नाहीये. या दोन्हींतला फरक फक्त उपचाराआधीच्या लघवीत दिसतो. सलाईन चढली की निरोगी मांजराची लघवीसुद्धा पातळ होते, ते पाणी बाहेर टाकणं हे किडनीचं कामच आहे. तेव्हा आमची १.०१२ ही किडनीची होती की सलाईनची, कळायला मार्ग नव्हता. त्या म्हणाल्या, "सलाईनच्या आधी दोन थेंब मिळाले असते तरी पुरले असते." ग्रॅव्हिटी मोजायच्या उपकरणाला, रिफ्रॅक्टोमीटरला, खरंच थेंबभरच लागते. हे ऐकून मला खूप वाईट वाटलं, कारण क्लिनिकला जाताना कॅरिअरमध्ये चिंगीने लघवी केली होती आणि मी ती टॉवेलने पुसून टाकली होती. कोणी सांगितलं असतं तर सिरिंजमध्ये ओढून नेली असती. (आपत्काळात आधी सलाईन लावली हे चूक नाही, तेव्हा ती गरज होतीच. पण सुई मारायच्या आधी एकदा विचारावं, लघवी घेता येईल का म्हणून.)

म्हणून स्टेज वगैरे सगळं बाजूला ठेवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्टेज ठरवायचा तो मांजर पाण्याने भरलेलं, खातंपितं, स्थिर असताना, आणि तेही एका रिपोर्टवर नाही, काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा. आजारी दिवशीच्या आकड्यावर स्टेज लावणं म्हणजे ताप चढलेल्या दिवशी वजन करून कायमचं वजन ठरवण्यासारखं.

किडनीचं खाणंही त्यांनी तेव्हा थांबवायला सांगितलं. मळमळत असताना नवीन खाणं पुढे केलं की मांजर त्या वासाची सांगड मळमळीशी घालतं आणि नंतर कधीच त्याला तोंड लावत नाही. आम्ही दोन दिवस प्रयत्न केला होता आणि चिंगी बाऊल बघूनच तोंड फिरवत होती. नेहमीचं खाणं दिल्यावर आणि मळमळीचं औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून खायला लागली.

बारा दिवसांनी परत गेलो. सलाईन बंद होऊन नऊ दिवस झाले होते, चिंगी नीट खात होती. रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं, पाणी मात्र चालू, कारण मांसाचं जेवण झाल्यावर काही तास युरिया तसाच वर जातो. ती कोरडी आहे की नाही हे बघताना डॉक्टरांनी मानेची कातडी ओढून बघितली पण म्हणाल्या की म्हाताऱ्या, रोडावलेल्या मांजरात कातडी तशीही उशिरा खाली बसते, त्यावर विश्वास ठेवू नका, हिरड्यांना बोट लावा, ओलसर घसरट लागल्या तर ठीक, बोट चिकटलं तर कोरडी. तेव्हापासून मी घरी तेच करते.

लघवी यावेळी सोनोग्राफीवर बघत पोटातून सुईने थेट मूत्राशयातून काढली. ऐकायला भयंकर वाटतं, मी डोळेच मिटले होते, पण चिंगीने रक्त काढताना जास्त आरडाओरडा केला. या पद्धतीचा फायदा म्हणजे तीच लघवी कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला, पाठवता येते. ग्रॅव्हिटी त्यांनी माझ्यासमोर रिफ्रॅक्टोमीटरवर बघितली. लघवीच्या पट्टीवरही ग्रॅव्हिटीचा एक चौकोन असतो पण तो मांजरांसाठी भरवशाचा नाही, पट्टीवरचा आकडा कोणी सांगितला तर रिफ्रॅक्टोमीटरवर बघायला सांगा.

आकडे आले: क्रिएटिनिन २.१, बीयूएन ३९, ग्रॅव्हिटी १.०१७.

पहिली प्रतिक्रिया अर्थात आनंदाची. ३.१ चं २.१ झालं, ७१ चं ३९. शिवाय लॅबच्या कागदावर क्रिएटिनिनची वरची मर्यादा २.४ छापलेली, म्हणजे २.१ च्या पुढे बाणबिण काही नाही, नॉर्मलमध्ये. मी म्हटलं, "म्हणजे किडनी ठीक आहे?" डॉक्टर म्हणाल्या, "तिचा नॉर्मल १.२ होता."

हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लॅबची रेंज ही वेगवेगळ्या मांजरांवरून काढलेली, त्यात धिप्पाड बोकेही आले ज्यांच्या अंगात भरपूर स्नायू आणि म्हणून क्रिएटिनिन मुळातच जास्त. चिंगी लहानखुरी. तिच्यासाठी १.२ हा आकडा होता आणि तो २.१ झाला. किडनीची गाळण्याची क्षमता आणि क्रिएटिनिन यांचं नातं उलटं आहे, क्षमता अर्धी झाली की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. १.२ ला २.१ ने भागलं तर ०.५७. म्हणजे स्नायू तेवढेच आहेत असं धरलं तर सव्वा वर्षात तिची किडनी आधीच्या ५७ टक्क्यांवर आली होती, आणि कागदावर एकही बाण नव्हता. याच नात्यामुळे सुरुवातीला खूप नुकसान होऊनही आकडा थोडासाच हलतो आणि शेवटी शेवटी थोड्या नुकसानीने आकडा उड्या मारतो, म्हणून १.२ वरून २.१ ही उडी ४ वरून ५ पेक्षा मोठी आहे, दिसायला एवढीशी असली तरी. (तुमचा रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये असेल तर क्रिएटिनिनच्या आकड्याला ८८.४ ने भागा म्हणजे मी लिहितेय त्या युनिटमध्ये येईल.)

आता तीन आकडे एकत्र वाचायचे. सलाईननंतर जो भाग उतरला, ३.१ वरून २.१, तो पाण्याचा होता. जो उतरला नाही, १.२ च्या वरचा, तो उरलेला प्रश्न. आणि सलाईन नसतानाही लघवी १.०१७ वर अडकलेली, पूर्वी १.०४१ व्हायची ती. साधारण १.००८ ते १.०१२ म्हणजे रक्त गाळून जे पाणी येतं तेवढीच घट्ट, किडनीने त्यात काहीच भर घातली नाही. १.०१७ म्हणजे थोडंफार काम करतेय पण १.०३५ पर्यंत पोचत नाही. किडनीचा सुमारे दोन तृतीयांश भाग गेला की घट्ट करण्याची ताकद जाते आणि तीन चतुर्थांश गेला की रक्तात आकडे वाढतात असा जुना ठोकताळा आहे, मांजरांत हा क्रम नेहमी तसाच पाळला जातो असं नाही, काही मांजरांचं क्रिएटिनिन वाढलेलं असूनही लघवी बऱ्यापैकी घट्ट असते. तरी चिंगीचं चित्र बऱ्यापैकी सरळ होतं.

सरळ असूनही डॉक्टरांनी लगेच शिक्का मारला नाही, कारण पातळ लघवीची इतर कारणं असतात आणि त्यातली काही दुरुस्त होणारी असतात. मला हे आवडलं. त्यांनी एकेक विचारत खोडलं. स्टिरॉइड किंवा लघवीची गोळी चालू आहे का, नाही. लघवीत साखर आहे का, नाही, म्हणजे डायबेटिस बाजूला. रक्तातलं कॅल्शियम वाढलंय का, नाही. कल्चर चार दिवसांनी आलं, जंतू नाहीत. किडनीत जंतुसंसर्ग असेल तर लघवी पातळ होते, आकडे वाढतात आणि अँटिबायोटिकने बरंच मागे येतं, म्हणून ही एक तपासणी चुकवायची नसते, मांजराला ताप किंवा जळजळ काहीच दिसत नसली तरी.

थायरॉइडवर त्या जरा जास्त थांबल्या. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढणं खूप सामान्य, त्यातही वजन उतरतं, पाणी जास्त पितात. आणि त्याची गंमत अशी की वाढलेलं थायरॉइड किडनीतून रक्त जोरात फिरवतं आणि वर स्नायूही झिजवतं, त्यामुळे क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं. थायरॉइडचा इलाज केला की झाकलेला किडनीचा आजार उघडा पडतो आणि लोकांना वाटतं गोळीने किडनी गेली. चिंगीचा टी४ नॉर्मल आला.

सोनोग्राफीत डावी किडनी २.९ सेंटिमीटर, कडा खडबडीत, उजवी ३.६. मांजराची साधारण ३ ते ४.३ असते. किडनीतून निघणारी नळी कुठे फुगलेली नाही हे त्यांनी मुद्दाम बघितलं, कारण मांजरांत त्या बारीक नळीत खडा अडकतो, एक किडनी आधीच आक्रसलेली आणि दुसरीच्या नळीत खडा असं झालं की आकडे एकदम चढतात आणि ते जुनाट आजारासारखं वाटतं पण असतं तातडीचं. तसं काही नव्हतं. लघवीतल्या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर ०.१८, म्हणजे प्रोटीन गळत नाही, ब्लड प्रेशर १४८. एसडीएमए नावाची आणखी एक तपासणी लावली, ती १९ आली, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

सहा आठवड्यांनी तिसरा रिपोर्ट, त्याच लॅबमध्ये. हे मी हट्टाने केलं कारण क्लिनिकचं मशीन आणि लॅबचं मशीन यात थोडाफार फरक येतो आणि आपण तो फरक आजाराच्या नावावर टाकतो. क्रिएटिनिन २.२, बीयूएन ४१, ग्रॅव्हिटी १.०१६. २.१ आणि २.२ मध्ये मी परत काहीतरी बघायला लागले होते तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की एवढा फरक तर त्याच मांजराचं रक्त दोन दिवस लागोपाठ घेतलं तरी येईल. पाण्याने भरलेलं मांजर, दोन रिपोर्ट, तेच चित्र. आता त्यांनी लिहिलं, क्रॉनिक, स्टेज २. मांजरांत क्रिएटिनिन १.६ ते २.८ म्हणजे स्टेज २, २.९ ते ५.० स्टेज ३. पहिल्या दिवशीच्या ३.१ वर लावलेला स्टेज ३ गळून पडला. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. किडनीचं खाणं आता हळूहळू, तीन आठवड्यांत नेहमीच्या खाण्यात मिसळत मिसळत सुरू केलं आणि यावेळी तिने खाल्लं.

पुढचे चार महिने छान गेले असं मला वाटत होतं. चौथ्या रिपोर्टला मी जवळजवळ निवांत गेले. क्रिएटिनिन २.०. कमी झालं! मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा. बीयूएन मात्र ५८.

मला वाटलं युरिया वाढलाय तर पाणी कमी पडलं असेल, आता मला शहाणपण आलं होतं ना. पण हिरड्या ओल्या होत्या, रक्तातले प्रोटीन आणि पेशींचं प्रमाणही वाढलेलं नव्हतं, कोरडेपणात ते वाढतं. लघवी १.०१४. उपाशीपोटीच रक्त घेतलेलं. डॉक्टरांनी विचारलं, शी काळी चिकट होते का, कारण पोटात, आतड्यात रक्तस्राव असेल तर ते रक्त प्रोटीनसारखं पचतं आणि युरिया एकटाच वाढतो. तसंही नव्हतं. मग त्यांनी चिंगीला वजनकाट्यावर ठेवलं. ३.४ किलो. तिसऱ्या रिपोर्टच्या वेळी ३.९ होती. त्यांनी माझा हात धरून तिच्या पाठीच्या कण्यावर ठेवला, मणके एकेक मोजता येत होते, मांड्या मागून सपाट झालेल्या. मी रोज तिला मांडीवर घेत होते आणि मला दिसलं नव्हतं, लांब केसांखाली झाकलं जातं हे खरं, पण तरीही.

स्नायू कमी झाले म्हणजे क्रिएटिनिन बनणंच कमी झालं. किडनी आधीपेक्षा कमी गाळतेय पण गाळायला येतंयच कमी, तेव्हा रक्तातला आकडा जागेवर राहतो किंवा उतरतोही. मी ज्याला सुधारणा म्हणून फोनवर सांगितलं ती सुधारणा नव्हतीच. युरियाला स्नायूंच्या साठ्याशी तसं देणंघेणं नाही, उलट शरीर स्वतःचं प्रोटीन मोडत असेल तर तो वाढतो, म्हणून इथे दोघं उलट दिशांना गेले. हे शक्य तितकं पक्कं करायला एसडीएमए. तोही किडनीच गाळते पण स्नायू कमी जास्त असण्याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून रोडावलेल्या मांजरात तो क्रिएटिनिनपेक्षा जास्त खरं बोलतो. १९ चा २९ झाला होता. एकाच आकड्यावर जायचं नाही म्हणून दोन आठवड्यांनी परत घेतला, २८. एसडीएमए १८ ते २५ म्हणजे स्टेज २ आणि २६ ते ३८ स्टेज ३, आणि तो सातत्याने वरच्या स्टेजमध्ये असेल तर क्रिएटिनिन काहीही म्हणो, मांजराला वरच्या स्टेजचं समजून उपचार करायचे असतात. तेव्हा चिंगी कागदावर क्रिएटिनिन २.० घेऊन स्टेज ३ मध्ये गेली.

यामुळे प्रत्यक्षात बदललं ते असं. फॉस्फरस ५.४ होता, स्टेज ३ मध्ये तो ५ च्या खाली आणायचा म्हणून खाण्यात मिसळायची फॉस्फरस बांधणारी पावडर सुरू झाली. मळमळीचं औषध परत आलं कारण ती खातेय असं मला वाटत होतं पण मोजल्यावर कळलं की रोजचं पाऊण बाऊलच संपत होतं. आणि डॉक्टरांनी सांगितलं की किडनीचं खाणं कमी खाऊन स्नायू झिजवण्यापेक्षा दुसरं काही पोटभर खाल्लेलं बरं, आधी कॅलरीज, मग प्रकार. आता तिच्या बाऊलमध्ये दोन्ही असतं, ती निवडते. ब्लड प्रेशर आणि प्रोटीन गळती परत तपासली, ती दोन्ही होती तिथेच होती.

आता माझ्याकडे एक वही आहे. त्यात प्रत्येक रिपोर्टच्या ओळीत क्रिएटिनिन, बीयूएन (नाव बघून, युरिया असेल तर भागून), ग्रॅव्हिटी, एसडीएमए आणि त्याच दिवसाचं वजन, आणि बाजूला तेव्हा सलाईन चालू होती का, उपाशी होती का, कुठल्या लॅबमध्ये, एवढं लिहिते. वजन दर रविवारी घरी करते, स्वयंपाकाच्या काट्यावर टोपली ठेवून, तो पाच किलोपर्यंत दहा ग्रॅमचा फरक दाखवतो. गेल्या सहा रविवारी ३.४२, ३.४०, ३.४४, ३.४७, ३.४९, ३.५२. पुढचं रक्त तीन आठवड्यांनी आहे. यावेळी क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आलं आणि सोबत वजनही वाढलेलं असेल, तर डॉक्टर म्हणाल्यात की एसडीएमए बघितल्याशिवाय घाबरायचं नाही, अंगावर स्नायू परत आले तरी आकडा वर जातो.